बैठकांचे रेप्स आणि फॉर्म व्हिडिओवरून मोजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलवर काढलेल्या व्यायामाच्या व्हिडिओतून रेप्स मोजायचे आणि फॉर्म तपासायचा, यावर काम करणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं बैठकीच्या, म्हणजे स्क्वाटच्या उदाहरणावर दिली आहेत. या एका व्यायामात जवळजवळ सगळ्या अडचणी भेटतात. दुसऱ्या व्यायामांबद्दल प्रश्न 11 मध्ये थोडं लिहिलं आहे.

1. व्हिडिओतून रेप्स मोजले जातात म्हणजे नेमकं काय होतं?

पोझ ओळखणारं मॉडेल व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेममध्ये खांदा, खुबा, गुडघा, घोटा अशा ठरावीक बिंदूंची जागा सांगतं. हे बिंदू म्हणजे कीपॉइंट. खुबा, गुडघा आणि घोटा हे तीन बिंदू जोडले की गुडघ्यातला कोन मिळतो. माणूस उभा असताना हा कोन 170 अंशांच्या आसपास असतो, खाली बसताना कमी होतो आणि उठताना पुन्हा वाढतो. प्रत्येक फ्रेमचा कोन क्रमाने मांडला की दऱ्या आणि डोंगर असलेली एक रेघ तयार होते. एक दरी म्हणजे एक बैठक.

पण दरी मोजणं वेगळं आणि ती बैठक चांगली होती का हे ठरवणं वेगळं. पहिल्या कामात सैल राहावं लागतं, दुसऱ्यात काटेकोर. दोन्ही कामं एकाच आकड्यावर टाकली की बहुतेक भानगडी सुरू होतात. पुढच्या बऱ्याच उत्तरांमागे हेच कारण आहे.

2. कोणतं मॉडेल घेऊ? 17 बिंदूंचं की 33 बिंदूंचं?

फक्त रेप्स मोजायचे असतील तर कोणतंही चालेल. मूव्हनेट आणि योलोची पोझ मॉडेलं कोको पद्धतीचे 17 बिंदू देतात आणि खुबा, गुडघा, घोटा त्यात येतात. मात्र त्यांच्यात पाय घोट्यापाशी संपतो, टाच आणि चवडा नसतो. मीडियापाइप पोझ 33 बिंदू देतं आणि त्यात टाच (29 आणि 30) आणि पायाचं टोक (31 आणि 32) हे दोन्ही आहेत. टाच उचलली जाते का हे पाहायचं असेल तर 33 वालं घ्या. मोबाइलवर थेट चालवण्यासाठीही ते सोयीचं आहे. खालची सगळी उदाहरणं त्याच्यावर आधारलेली आहेत.

3. मोबाइल कुठे आणि किती उंचीवर ठेवायचा?

बैठकीची खोली मोजायची असेल तर बरोबर बाजूने. डोक्यापासून टाचेपर्यंत अख्खा माणूस उभा असतानाही आणि बसल्यावरही फ्रेममध्ये राहील इतकं अंतर ठेवा. साधारण अडीच-तीन मीटर पुरतात.

उंचीकडे मात्र बहुतेक जण लक्ष देत नाहीत. मोबाइल जमिनीवर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि माणूस जरासा कॅमेऱ्याकडे वळून उभा राहिला, की त्याचा गुडघा खुब्यापेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ येतो. खालून पाहताना जवळची गोष्ट उंच दिसते. त्यामुळे गुडघा वर सरकल्यासारखा दिसतो आणि बैठक असते त्यापेक्षा खोल भासते. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे साध्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवला तर ही फसगत जवळजवळ संपते. कारण मांडी आडवी होते त्या क्षणी खुबा, गुडघा आणि कॅमेरा तिन्ही एकाच उंचीवर असतात.

गुडघे आत येतात का हे बाजूने दिसणारच नाही. त्यासाठी समोरून वेगळा सेट काढा (प्रश्न 9).

4. कोनाचं सूत्र बरोबर आहे, तरी कोन चुकीचा येतो. डोळ्यांना काटकोन दिसतो आणि आकडा 73 येतो. असं का?

मीडियापाइप `x` आणि `y` पिक्सेलमध्ये देत नाही. `x` ला व्हिडिओच्या रुंदीने आणि `y` ला उंचीने भागून 0 ते 1 मधले आकडे देतं. उभ्या व्हिडिओत रुंदी 1080 आणि उंची 1920 असते, म्हणजे दोन दिशांची मापंच वेगळी होतात. ते आकडे तसेच सूत्रात घातले की माणूस दाबल्यासारखा होतो आणि सगळे कोन बिघडतात.

एक फ्रेम घेऊन बघू. खुबा (0.33, 0.63), गुडघा (0.62, 0.66), घोटा (0.55, 0.83). हे आकडे थेट वापरले तर गुडघ्याचा कोन साधारण 73.5 अंश येतो. आधी 1080 आणि 1920 ने गुणून पिक्सेल केले तर 87.4 अंश येतो. जवळजवळ 14 अंशांचा फरक. खरा आकडा दुसरा.

```python
import numpy as np

def angle(a, b, c, w, h):
    s = np.array([w, h])
    u = (np.array(a) - np.array(b)) * s
    v = (np.array(c) - np.array(b)) * s
    cos = u @ v / (np.linalg.norm(u) * np.linalg.norm(v))
    return np.degrees(np.arccos(np.clip(cos, -1, 1)))
```

`angle` ला खुबा, गुडघा, घोटा या क्रमाने बिंदू द्या. ओळखायची खूण सोपी आहे. तोच माणूस उभ्या आणि आडव्या व्हिडिओत घ्या. दोन्हीकडे कोन वेगळे आले तर गुणाकार राहून गेला आहे.

5. एका बैठकीचे दोन-दोन रेप्स मोजले जातात. काय करू?

तुम्ही बहुधा एकच सीमा ठेवली आहे. समजा ठरवलं, कोन 110 च्या खाली जाऊन पुन्हा वर आला की एक रेप. आता एका बैठकीतले थोड्या-थोड्या वेळाने घेतलेले कोन बघा: 168, 150, 121, 104, 96, 99, 112, 108, 115, 140, 163. खालून उठताना माणूस क्षणभर अडकला किंवा बिंदू जरासा हलला, म्हणून कोन 112 वर गेला आणि पुन्हा 108 वर आला. एका सीमेच्या हिशोबाने इथे दोन रेप्स झाले. माणसाने मात्र एकच बैठक मारली आहे.

उपाय म्हणजे एकमेकींपासून लांब असलेल्या दोन सीमा. खाली गेला हे 110 वर ठरवायचं आणि वर आला हे 155 वर. मधल्या पट्ट्यात काहीही झालं तरी स्थिती बदलत नाही.

```python
if state == "up" and ang < 110:
    state, lowest = "down", ang
elif state == "down":
    lowest = min(lowest, ang)
    if ang > 155:
        state = "up"
        reps += 1
```

वरच्या आकड्यांवर हे चालवून बघा. 104 ला स्थिती `down` होते, 112 आणि 108 ला काहीच होत नाही आणि 163 ला एक रेप नोंदला जातो. `lowest` मध्ये 96 राहतो.

काही लोकांचे गुडघे पूर्ण सरळ होत नाहीत, विशेषतः वयस्करांचे. दोन बैठकांच्या मध्ये ते 150 पर्यंतच येतात आणि मग त्यांचा अख्खा सेट फार तर एकच रेप ठरतो. म्हणून 155 हा आकडा सगळ्यांवर लादू नका. सेट सुरू होण्याआधी माणूस स्वस्थ उभा असतो तेव्हाचा त्याचा कोन घ्या आणि वरची सीमा त्याच्या 12-15 अंश खाली ठेवा.

6. कोन फार थरथरतो. स्मूदिंग किती करू?

जमेल तितकं कमी. दोन सीमा नीट लावल्या तर मोजणीला स्मूदिंगची फारशी गरज उरत नाही. स्मूदिंग जास्त केलं की दरीचा तळ वर उचलला जातो, म्हणजे चांगली खोल बैठक उथळ दिसायला लागते.

हे किती होतं ते मोजता येतं. दोन सेकंदांची बैठक घ्या, कोन 170 वरून 80 वर जाऊन परत येतो, व्हिडिओ सेकंदाला 30 फ्रेमचा. पाच फ्रेमची साधी सरासरी घेतली तर तळ 80.5 दिसतो. काही बिघडलं नाही. पंधरा फ्रेमची घेतली तर तळ साधारण 84.5 दिसतो. बैठक जितकी झटपट, तितका हा फरक वाढतो. शिवाय थेट चालणाऱ्या ॲपमध्ये पंधरा फ्रेमच्या सरासरीमुळे आकडा पाव सेकंद मागे पडतो आणि व्यायाम करणाऱ्याला ते लगेच जाणवतं.

थेट वापरासाठी वन युरो फिल्टर चांगला आहे. हालचाल मंद असताना तो जास्त गुळगुळीत करतो आणि वेगात असताना कमी. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओसाठी पुढचे फ्रेमही हाताशी असतात, तिथे सॅवित्स्की-गोले वापरा. तो तळाचा आकार बराच जपतो. फिल्टर कोनावर लावण्यापेक्षा बिंदूंवर लावा, म्हणजे इतर मापंही त्याच बिंदूंवरून निघतात.

7. अर्धवट बैठक मोजायची की नाही?

मोजायची, पण वेगळ्या रकान्यात. माझं मत इथे ठाम आहे. व्यायाम करणाऱ्याने बारा वेळा वर-खाली केलं आणि पडद्यावर 9 दिसले, तर त्याला वाटतं ॲप बिघडलं आहे. 12 पैकी 9 पूर्ण खोल असं दिसलं तर तो पुढच्या सेटला खाली जातो.

त्यासाठी खालची सीमा सैल ठेवा, 110 किंवा 120 सुद्धा. त्या सीमेने फक्त प्रयत्न झाला हे कळतं. ती बैठक पुरेशी खोल होती का, हे त्या रेपच्या सगळ्यात खालच्या क्षणी वेगळ्या मापाने ठरवायचं. ते माप पुढच्या उत्तरात आहे.

8. गुडघ्याचा कोन 90 झाला म्हणजे बैठक पूर्ण झाली, बरोबर?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त दिसतो आणि त्यामुळे चांगल्या बैठका नापास आणि उथळ बैठका पास होतात.

पॉवरलिफ्टिंगच्या नियमात खोली ठरते ती खुब्यापाशी मांडीचा वरचा भाग गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली गेला का यावरून. तिथे गुडघ्याच्या कोनाचा उल्लेख नाही, कारण तो कोन मांडी आणि नडगी या दोघांवर अवलंबून असतो. नडगी अगदी उभी असेल तर मांडी आडवी होताना गुडघ्यात 90 अंश होतात. नडगी 30 अंश पुढे झुकली असेल तर तीच आडवी मांडी असताना गुडघ्यात 60 अंश होतात. घोटा चांगला वाकणारा माणूस 90 वर थांबला तर त्याची मांडी अजून 30 अंश वर असते.

प्रश्न 4 मधली फ्रेम पुन्हा घ्या. गुडघ्याचा खरा कोन 87.4 आहे, म्हणजे 90 च्या नियमाने पास. पण खुबा `y` मध्ये 0.63 वर आहे आणि गुडघा 0.66 वर. `y` वरून खाली वाढतो, म्हणजे खुबा अजून गुडघ्याच्या वर आहे. पिक्सेलमध्ये हा फरक 57.6 आहे, मांडीची आडवी लांबी 313, म्हणजे मांडी आडवीपेक्षा साधारण 10 अंश वर. बैठक अपुरी आहे.

म्हणून खोलीसाठी मांडीचा जमिनीशी होणारा कोन थेट मोजा. त्याचा आणखी एक फायदा आहे. माणूस बरोबर बाजूने न उभा राहता थोडा तिरका राहिला तर गुडघ्याचा कोन बिघडतो, पण कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर असेल तर खुबा गुडघ्याच्या खाली की वर हे बदलत नाही.

इथे दोन मर्यादा लक्षात ठेवा. मॉडेलचा खुब्याचा बिंदू सांध्याच्या आत असतो, नियमातली मांडीची घडी वरच्या पृष्ठभागावर असते, त्यामुळे मॉडेलचा निकाल पंचांच्या निकालाशी तंतोतंत जुळणार नाही. दुसरं, 320 पिक्सेलच्या मांडीवर खुब्याचा बिंदू 10 पिक्सेल हलला तरी कोन जवळजवळ 2 अंश बदलतो. सैल ट्रॅकपँट, पंजाबी ड्रेस किंवा साडी असेल तर खुबा कपड्याखाली झाकलेला असतो आणि बिंदू याहून जास्त हलतो. म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंना 5 अंशांचा पट्टा सोडा आणि त्यात पडणाऱ्या रेपला पास-नापास न म्हणता ‘काठावर’ म्हणा.

9. गुडघे आत येणं, पाठ वाकणं हे दोष पकडता येतात का?

गुडघे आत येणं पकडता येतं, पण समोरून. दोन गुडघ्यांमधलं अंतर भागिले दोन घोट्यांमधलं अंतर हे गुणोत्तर काढा. ते माणसामाणसात वेगळं असतं, म्हणून त्याच माणसाच्या उतरतानाच्या आकड्याची उठतानाच्या आकड्याशी तुलना करा. त्याच खोलीवर उतरताना 1.2 आणि उठताना 0.95 आलं, तर गुडघे आत घसरले आहेत. हा दोष बहुधा तळातून उठण्याच्या पहिल्या टप्प्यात आणि सेटच्या शेवटच्या रेप्समध्ये दिसतो. सेटची सरासरी काढली तर तो लपून जातो.

पाठीबद्दल सरळ सांगतो, कण्याची गोलाई या बिंदूंवरून कळत नाही. 17 असोत की 33, खांदा आणि खुबा यांच्या मध्ये एकही बिंदू नाही. मॉडेलच्या दृष्टीने धड म्हणजे एक सरळ काठी. ती किती पुढे झुकली हे कळतं, ती वाकली का हे कळत नाही. धड जास्त झुकणं हा दरवेळी दोषही नसतो, लांब मांड्या असलेल्या माणसाला तोल सांभाळायला झुकावंच लागतं. जे ॲप या बिंदूंवरून ‘पाठ सरळ आहे’ असं सांगतं ते न पाहिलेल्या गोष्टीची खात्री देतं, आणि वजन खांद्यावर असलेल्या माणसासाठी ते धोक्याचं आहे. तुमच्या ॲपमध्ये तसं वाक्य ठेवू नका.

पाहण्यासारखी एक खूण मात्र आहे. उठताना खुबा वर जातो पण खांदा तितका वर येत नाही, म्हणजे धड एकदम आडवं होत जातं. खुबा आणि खांदा यांचा वर जाण्याचा वेग तळानंतरच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात ताडून पाहिला की हे स्पष्ट दिसतं.

10. आमच्या तालमीतल्या बैठकांना हे नियम लागू होतात का?

मोजणीचे होतात, फॉर्मचे नाही. तालमीच्या बैठकीत खाली जाताना टाचा उचलतात, गुडघे चवड्यांच्या पुढे जातात आणि हात मागून-पुढून झुलतात. बारबेल स्क्वाटच्या नियमांनी पाहिलं तर प्रत्येक बैठकीवर लाल खूण येईल, आणि बैठक तर बरोबर आहे. इथे टाच न उचलली तरच शंका घ्यायची. व्यायामाचा प्रकार आधी निवडायला लावा आणि त्यानुसार नियम बदला.

मोजणीतही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. सरावलेला पैलवान सेकंदाला एकाच्या आसपास बैठक मारतो, तेव्हा प्रश्न 6 मधलं पंधरा फ्रेमचं स्मूदिंग एक तृतीयांशाहून जास्त दरी गिळतं. आणि झुलणारा हात दर बैठकीला खुब्यावरून जातो, त्या दोन-चार फ्रेममध्ये खुब्याची `visibility`, म्हणजे बिंदू दिसत असल्याची मॉडेलची खात्री, पडते. अशी छोटी फट आजूबाजूच्या फ्रेमवरून भरून काढा. फट पाव सेकंदापेक्षा मोठी असेल आणि नेमकी तळाशी आली असेल, तर रेप मोजा पण खोलीचा निकाल देऊ नका.

11. जोर, पुशअप, सूर्यनमस्कार यांनाही हेच चालेल का?

पुशअपला चालेल, गुडघ्याच्या जागी कोपर. जोर मारताना अख्खं अंग मागून पुढे झेपावतं, म्हणून कोपरासोबत खुब्याची उंचीही पाहावी लागते. सूर्यनमस्काराला एक कोन पुरत नाही. तिथे आसनांचा क्रम ओळखावा लागतो आणि क्रम पूर्ण झाला की एक मोजायचा. कोणत्याही व्यायामाचे नुसते रेप्स हवे असतील तर 2020 मध्ये आलेलं रेपनेट कीपॉइंटशिवाय आवर्तनं मोजतं, पण फॉर्मबद्दल ते काहीच सांगत नाही.

12. बाजूने काढलेल्या व्हिडिओत डावा आणि उजवा पाय अदलाबदल होतात. कोणता घ्यायचा?

कॅमेऱ्याकडचा. पलीकडचा पाय झाकलेला असतो आणि मॉडेल त्याची जागा अंदाजाने सांगतं. निवड प्रत्येक फ्रेमला करू नका, नाहीतर कोन एका पायावरून दुसऱ्यावर उड्या मारतो आणि मध्येच खोटी दरी तयार होते. अख्ख्या सेटमध्ये कोणत्या बाजूची `visibility` सरासरीने जास्त आहे ते पाहून एकदाच ठरवा. दोन्ही पायांची सरासरी काढायचा मोहही टाळा, त्यात अंदाजाचे आकडे मिसळतात.

13. मागून कोणी गेलं किंवा समोर आरसा असला की आकडे उडतात. उपाय?

मीडियापाइपमध्ये `num_poses`, म्हणजे किती माणसं शोधायची तो आकडा, तुम्ही बदलला नाही तर 1 असतो. तेव्हा मॉडेल ज्या माणसाला धरतं त्याच्या मागे जातं, आणि व्यायाम करणारा क्षणभर झाकला गेला तर दुसऱ्याला धरतं. सोपी तपासणी अशी की लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये खुबा धडाच्या लांबीच्या अर्ध्याहून जास्त सरकला तर माणूस बदलला असं समजा आणि तो पुन्हा जागेवर येईपर्यंत मोजणी थांबवा. आरशातली प्रतिमाही खऱ्या माणसासारखीच वर-खाली होते, तिला सॉफ्टवेअरने वेगळं काढणं अवघड. कॅमेऱ्याची जागा बदलणं हाच इलाज.

14. आमचं ॲप 100 पैकी 100 मोजतं. मग लोक तक्रार का करतात?

बेरीज तपासली असेल म्हणून. दहा सेटमध्ये काही ठिकाणी दोन जास्त आणि काही ठिकाणी दोन कमी मोजले तरी बेरीज जुळते. प्रत्येक सेटचा आकडा वेगळा तपासा आणि किती सेटमध्ये चूक एकापेक्षा जास्त नाही ते पाहा. एका सेटच्या आतही हीच फसगत होते, एक रेप सुटतो आणि बुटाची नाडी बांधण्यासारखी खाली वाकण्याची हालचाल रेप म्हणून मोजली जाते. त्यासाठी माणसाने प्रत्येक रेपच्या तळाची वेळ लिहून ठेवायची आणि ॲपने दिलेल्या वेळेशी एकास एक जुळवायची. वेळ फ्रेमच्या क्रमांकावरून काढू नका, व्हिडिओतल्या टाइमस्टॅम्पवरून घ्या. बरेच मोबाइल उजेड कमी झाला की फ्रेमचा वेग बदलतात.

फॉर्मच्या निकालासाठी तेच व्हिडिओ दोन अनुभवी प्रशिक्षकांना वेगवेगळे दाखवा आणि त्यांचं एकमेकांशी किती रेप्सवर जमतं ते आधी मोजा. काठावरच्या बैठकांवर त्यांचंही जमत नाही. जिथे त्या दोघांचं एकमत आहे त्या रेप्सवर ॲप चुकत असेल, तर सुधारणा तिथून सुरू करा. आणि सीमा ठरवायला वापरलेले लोक तपासणीच्या व्हिडिओत पुन्हा घेऊ नका, नाहीतर आकडे त्या लोकांच्या उंचीला आणि ट्रॅकपँटला जुळवलेले निघतील.